नोकरीचा दाखला : बँकेसाठी आणि वकिलातीसाठी

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक शिक्षकाने घरबांधणीसाठी बँकेकडे कर्ज मागितले, की त्याच्याकडे नोकरीचा दाखला मागितला जातो. पुष्कळदा तो शाळेच्या मुख्याध्यापकाकडून चार ओळींचे पत्र नेतो आणि ते परत येते. मुख्याध्यापक हा शिक्षकाचा वरिष्ठ खरा. परंतु शिक्षकाचे सेवापुस्तक असते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आणि वेतनदेयकही तेथेच तयार होते. ज्या कार्यालयात मूळ नोंद आहे त्याच कार्यालयाने ती प्रमाणित करावी, ही बँकेची अपेक्षा रास्त होय. म्हणून अर्ज मुख्याध्यापकामार्फत, पण गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे करावा लागतो.

अर्जात केवळ ‘दाखला मिळावा’ एवढेच लिहिले, तर कार्यालयातून ‘हे येथे शिक्षक म्हणून कार्यरत आहेत’ असा एका वाक्याचा दाखला मिळतो. लिपिकाचा त्यात दोष नाही; बँकेला काय हवे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

समजा, तुळजापूर तालुक्यातील एक शिक्षक 2009 साली रायगड जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक म्हणून लागले. तीन वर्षांचा मानधनाचा काळ संपून 2012 मध्ये त्यांना नियमित वेतनश्रेणी मिळाली आणि 2017 मध्ये आंतरजिल्हा बदलीने ते आपल्या जिल्ह्यात आले. त्यांच्या नोकरीच्या अशा तीन तारखा आहेत. दाखल्यात नुसते ‘2017 पासून कार्यरत’ असे आले आणि सोबतच्या कागदांत 2009 दिसले, तर बँकेचा अधिकारी थबकतो. तिन्ही तारखा, प्रत्येक कशाची हे सांगून, एकाच परिच्छेदात दिल्या की शंका उरत नाही.

चौथी तारीख सेवानिवृत्तीची. आपल्याकडे 1 जून ही जन्मतारीख असलेल्यांची संख्या मोठी आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती अनेकांना बहाल केलेली असते! वरील शिक्षकांची जन्मतारीख 1 जून 1984 धरली, तर 58 वर्षांच्या हिशेबाने ते 31 मे 2042 रोजी निवृत्त होतील. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. 2026 मध्ये त्यांनी वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज मागितले, तर वेतनाच्या आधारे सुमारे सोळाच वर्षे हाती आहेत, हे दाखल्यावरूनच उघड होते.

वेतनाबाबत निव्वळ रक्कम लिहून भागत नाही. एकूण वेतन 80,000 रुपये, व्यवसायकर, आयकर आदी आवश्यक कपाती 11,000 आणि शिक्षक पतसंस्थेचा हप्ता 15,000 असेल, तर हाती 54,000 पडतात. दाखल्यात केवळ 54,000 आले आणि पतसंस्थेचे कर्ज अर्जदाराने बँकेच्या अर्जात वेगळे दाखवले, तर तोच हप्ता दोनदा वजा होण्याचा संभव असतो आणि मंजूर होणारी रक्कम विनाकारण घटते.

काही बँका कर्जाचा हप्ता वेतनातून परस्पर कापून पाठविण्याची हमी मागतात. हा दाखला नव्हे, स्वतंत्र हमीपत्र आहे. दाखल्याने फक्त नोंद प्रमाणित होते. हमीपत्राने कार्यालयावर बंधन येते. दोन्ही एकाच कागदावर मागितल्यास अधिकारी सहीस कचरतात आणि साधा दाखलाही अडतो.

वकिलातीची अपेक्षा निराळी असते. तेच शिक्षक उन्हाळ्याच्या सुटीत जर्मनीतील बहिणीकडे जाणार असतील, तर व्हिसा देणाऱ्याचा खरा प्रश्न असतो, हा मनुष्य परत येईल काय? त्यामुळे पद व वेतनासोबत प्रवासाचा काळ, परदेशगमनाची परवानगी आणि कामावर रुजू होण्याचा दिवस दाखल्यात हवा. ‘सुटीच आहे, रजा कशाला?’ असे म्हणून परवानगी न घेणारे येथेच अडतात. सुटी शाळेला असली तरी परदेशी जाण्यास सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि ती तालुक्याहून जिल्हा परिषदेकडे जाऊन येण्यास वेळ लागतो. जर्मनीसह शेंगेन देशांच्या व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या निदान 15 दिवस आधी, परंतु सहा महिन्यांहून अधिक आधी नाही, असा करावयाचा असतो. परवानगीचा अर्ज त्याच्याही बराच आधी जावा.

हा दाखला इंग्रजीत असावा आणि त्यातील नाव पारपत्राप्रमाणे अक्षरशः लिहावे. विवाहापूर्वीच्या नावाने सेवापुस्तक असलेल्या शिक्षिकेने दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे त्यात नमूद करून घ्यावे. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या पारपत्रावर व सेवापुस्तकात पहिले नाव आहे, तर कार्यालयाच्या शिक्क्यावर दुसरे. परदेशी अधिकाऱ्यास ही दोन ठिकाणे वाटू शकतात. ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)’ एवढे लिहिले की पुरते.

शेवटी जावक क्रमांक, दिनांक, सही करणाऱ्याचे नाव व पदनाम, शिक्का आणि कार्यालयाचा दूरध्वनी पाहून घ्यावा. बँक त्याच क्रमांकावर विचारणा करते. तेव्हा जावक नोंदवहीत त्या पत्राची नोंद सापडली पाहिजे.