विहिरीवरची रिबका आणि तिचा होकार

तरुण संघाच्या सभेत लग्नाचा विषय निघाला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतले पाळक बऱ्याचदा बायबलमधला एक ठरावीक अध्याय उघडतात: ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा चोविसावा. सदुसष्ट ओव्यांचा हा अध्याय त्या पुस्तकातला सर्वांत मोठा आहे, आणि तो सगळा एका सोयरिकीसाठी खर्ची पडला आहे. म्हातारा अब्राहाम आपल्या मुलासाठी, इसहाकासाठी, बायको शोधायला घरच्या जुन्या कारभाऱ्याला दूर मूळ गावी पाठवतो. हा कारभारी विहिरीपाशी थांबून प्रार्थना करतो, रिबका पाणी भरायला येते आणि सोयरीक जुळते. गोष्ट एवढीच सांगून उपदेश संपला, तर ऐकणाऱ्या मुलामुलींच्या मनात दोनच गोष्टी उरतात: देवाकडे खूण मागावी आणि वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं मान्य करावं. माझ्या मते या अध्यायात नेमकं याच्या पुढचं सांगितलं आहे, आणि लग्नाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांनी तेच ऐकायला हवं.

आधी खूण. कारभारी सोबत दहा उंट घेऊन नाहोराच्या नगराबाहेर पोहोचतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. तो देवाला म्हणतो की, मी प्यायला पाणी मागितल्यावर जी मुलगी मला तर पाणी देईलच, शिवाय आपण होऊन उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच तू नेमलेली असं मी समजेन. वरवर पाहता हा कौल लावण्याचा प्रकार वाटतो. पण हिशेब मांडून पाहा. लांबचा प्रवास करून आलेला तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. आपण निम्मंच धरू. दहा उंटांचं पाचशे लिटर झालं. रिबकेच्या खांद्यावरच्या घागरीत पंधरा लिटर मावत असेल, तर तिला तीसहून जास्त खेपा घालाव्या लागल्या असतील. आणि मजकुरात ती झऱ्यापाशी खाली उतरून घागर भरून वर येते. तेही कोणत्याही ओळखीशिवाय, एका परक्या प्रवाशासाठी.

म्हणजे कारभाऱ्याने आकाशातल्या ताऱ्याकडे किंवा चिठ्ठीवरच्या नावाकडे पाहिलं नाही. त्याने अशी खूण मागितली की जिच्यातून माणसाचा स्वभाव दिसावा: कोणाचा दबाव नसताना आणि समोरच्याकडून काही मिळण्याची खात्री नसताना हे माणूस किती करतं? आणि उत्तर मिळाल्यावरही त्याने घाई केली नाही. ती धावत खेपा घालत होती आणि तो गप्प राहून निरखत होता. उंटांचं पाणी संपेपर्यंत त्याने सोन्याची नथ आणि बांगड्या बाहेर काढल्या नाहीत.

आजच्या बघण्याच्या कार्यक्रमात हे निरखणं फारसं उरलेलं नाही. तासाभरात शिक्षण, पगार, फ्लॅट आणि चर्चला नियमित जाता का, एवढी विचारपूस होते. चर्चला जाण्याचा प्रश्न योग्यच आहे, पण त्याचं उत्तर देणं सोपं असतं. समजा, पुण्यात परिचारिका असलेल्या एका मुलीला आखातात नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं. घराणं श्रद्धाळू, मुलगा क्वायरमध्ये गाणारा, पाळकांची शिफारस. तिने काय पाहावं? हॉटेलात वेटरकडून चूक झाली तर तो कसा बोलतो, तिची रात्रपाळी असली की त्याचे फोन कोणत्या सुरात येतात, उसने घेतलेले पैसे तो कधी परत करतो, आणि तिने एखाद्या गोष्टीला ‘नको’ म्हटल्यावर तो ते ऐकून घेतो की दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट नव्या वेष्टनात पुढे ठेवतो. ही शेवटची खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लग्नाआधी छोट्या नकाराचा मान न राखणारा माणूस लग्नानंतर मोठ्या नकाराचा राखेल, असं मानायला काहीच आधार नाही. यासाठी चार-सहा महिने तरी हवेत. सुट्टीवर आलेल्या मुलासाठी पंधरा दिवसांत सगळं उरकायचा आग्रह झाला, तर तो आग्रह हीच एक माहिती समजावी.

आता घरच्यांचा वाटा. रिबकेचा भाऊ लाबान नथ आणि बांगड्या पाहतो आणि पाहुण्याकडे धावत जातो; लेखकाने हा क्रम मुद्दाम नोंदवला आहे. कारभाऱ्याने सगळी हकिकत सांगितल्यावर लाबान आणि बाप बथुवेल म्हणतात की ही गोष्ट परमेश्वराकडून आली आहे, आमचं यात काही चालणार नाही. श्रद्धेची भाषा इथे चर्चा मिटवण्यासाठी वापरली जाते. दोघांचा होकार झाला, भेटी दिल्या-घेतल्या. जुन्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न इथेच ठरलं म्हणायला हरकत नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी कारभारी निघायची घाई करतो आणि घरचे मुलीला दहा दिवस तरी राहू द्या म्हणतात. पेच पडतो, तेव्हा भाऊ आणि आई रिबकेला बोलावून तिलाच विचारतात की तू या माणसाबरोबर जाशील का. ती थोडक्यात हो म्हणते आणि पेच सुटतो. ही शक्यता अब्राहामानेही आधीच मान्य केली होती: मुलगी यायला तयार नसेल तर तू शपथेतून मोकळा, असं त्याने कारभाऱ्याला निघतानाच सांगितलं होतं. देवाची खूण, बापाची इच्छा आणि घरच्यांची संमती एवढं सगळं जुळूनही मुलीच्या ‘नाही’ला जागा ठेवलेली होती.

ही जागा नसली तर काय होतं, तेही त्याच पुस्तकात आहे. रिबकेचा मुलगा याकोब पुढे याच लाबानाच्या घरी येतो. धाकटी राहेल त्याला आवडते, तिच्यासाठी तो सात वर्षं राबतो आणि लग्नाच्या रात्री लाबान थोरल्या लेआला आत पाठवतो. राहेलसाठी आणखी सात वर्षांची चाकरी ठरते. त्या लग्नात लेआला किंवा राहेलला कोणी काही विचारल्याचं एकही वाक्य नाही. अनेक वर्षांनी त्या दोघी बहिणी एका सुरात म्हणतात की बापाने आम्हाला विकलं आणि आमचे पैसेही खाऊन टाकले. घर तेच, कर्ता पुरुष तोच. फरक फक्त विचारण्याचा. उपदेश करणाऱ्याने हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचले, तर त्याला वेगळा बोध सांगण्याची गरज राहत नाही.

चर्चच्या व्यवहारातही ही बाब किती जुनी आहे हे कित्येकांना ठाऊक नसतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेत 1563 साली आईवडिलांच्या संमतीशिवाय झालेलं लग्न रद्द मानावं का, यावर बराच वाद झाला. फ्रान्सच्या राजाची तशी मागणी होती. परिषदेने असं लग्न नापसंत ठरवलं, पण आईबापांची संमती नाही एवढ्यावरून ते रद्द मानायला नकार दिला. आजच्या कॅथलिक विधिसंहितेतही लग्न घडतं ते वधूवरांच्या संमतीने, आणि ती त्यांच्याऐवजी दुसरं कोणी देऊ शकत नाही. धाकाने वदवून घेतलेला होकार लग्नच अवैध ठरवतो. वेदीपुढे आपण स्वेच्छेने आलो आहोत का हा प्रश्न विचारला जातो, तो सोपस्कार नाही.

मग घरच्यांच्या मताला किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. प्रेमात पडलेल्याला दिसत नाही ते मावशीला दिसतं. पण आक्षेप कशावर आहे ते वेगळं करून पाहायला हवं. ‘तो दारू पिऊन आला होता’, ‘कर्ज लपवलं’, ‘आईशी फार वाईट बोलतो’ ही पाहिलेली वस्तुस्थिती आहे. ती प्रार्थनेने उडवून लावू नये. ‘लोक काय म्हणतील’, ‘रंग सावळा’, ‘आपल्यातला नाही’ हे मात्र वेगळ्या तागडीत टाकावं. ख्रिस्ती समाजातही जात उरली आहे. गोव्यातल्या कॅथलिकांत बामण आणि चाड्डे हा भेद सोयरिकीच्या वेळी अजून वर येतो. त्यासाठी कोणी अब्राहामाचा दाखला देतं, कारण त्याने नातलगांतलीच मुलगी मागितली होती. पण मोशेची बायको मिद्यानी होती, आणि बवाजाने लग्न केलेली मवाबी रूथ येशूच्या वंशावळीत नावानिशी आहे. रक्ताची शुद्धता हा बायबलचा आग्रह म्हणून खपवता येणार नाही.

श्रद्धेचा प्रश्न यापेक्षा खरा आहे. विषम जुवाखाली जुंपले जाऊ नका, हा पौलाचा सल्ला तरुणांना नेहमी ऐकवला जातो. त्या परिच्छेदात लग्नाचा उल्लेख नाही. तरी त्यातला इशारा लग्नालाही लागू पडतो, कारण मुलांना कोणत्या श्रद्धेत वाढवायचं, रविवार कसा घालवायचा, मरण आल्यावर कोणता विधी करायचा, ही भांडणं प्रत्यक्षात होतात. त्यांची उत्तरं लग्नाआधी एकमेकांसमोर बोलून घ्यायला हवीत. पण श्रद्धा आज जुळली म्हणजे ती कायमची जुळली, असंही नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. एकाच धर्मात, एकाच जातीत लागलेलं त्यांचं लग्न, तरी पुढची काही वर्षं दोघांना वेगळं काढावी लागली. नंतर त्या नवऱ्याकडे परतल्या आणि त्यानंतर काही काळाने, स्वतःला पटल्यावर, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ते सगळं दुःख आणि ती मोकळीक दोन्ही दिसतात. म्हणून जोडीदाराला आजची श्रद्धा विचाराच, आणि मतभेद झाल्यावर तो आपल्याशी कसा वागेल हेही पाहा.

एवढं सगळं जुळून आलेलं इसहाक आणि रिबकेचं लग्नही पुढे निर्दोष राहिलं नाही. त्याचा जीव एसावावर, तिचा याकोबावर. शेवटी तिने आंधळ्या नवऱ्याला फसवायला मुलाला मदत केली. देवाने जुळवलेली जोडीसुद्धा एकमेकांशी बोलणं सोडून टिकत नाही, हे पाळकांनी लपवू नये.

मंडळ्यांना माझी एक विनंती आहे. लग्नाची नावं चर्चमध्ये वाचली जाण्यापूर्वी पाळकांनी मुलगा आणि मुलगी दोघांना एकेकटं भेटावं, घरच्यांना बाहेर बसवून, आणि तुला हे लग्न हवं आहे का असं सरळ विचारावं. उत्तर ‘नाही’ आलं, तर ते घरच्यांना सांगण्याची जबाबदारी पाळकांनी स्वतःच्या अंगावर घ्यावी.