दुकानदाराने मागणी कशी लिहावी?

‘ऑर्डर घेता आली पाहिजे, बिल निघालं पाहिजे, जीएसटी आपोआप लागला पाहिजे, महिन्याचा रिपोर्ट मिळाला पाहिजे.’ फ्रीलान्स डेव्हलपरला दुकानदाराकडून येणारा मजकूर बहुधा एवढाच असतो. डेव्हलपर त्यावर किंमत सांगतो, महिन्या-दोन महिन्यांत काहीतरी बनवूनही देतो आणि पहिल्याच सणाला काउंटरवर गोंधळ उडतो. दोष कोडमध्ये असतोच असं नाही. दुकानात रोज घडणाऱ्या गोष्टी कागदावर आलेल्याच नसतात आणि डेव्हलपर काही आपल्या गल्ल्यावर बसलेला नसतो.

मिठाई-फरसाणाचं दुकान घेऊ. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आधी नोंदवली जाते, थोडा ॲडव्हान्स घेतला जातो आणि माल नंतर तयार होतो. दुकानदाराच्या डोक्यात ऑर्डर आणि बिल ही एकाच कागदाची दोन टोकं असतात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात. तसं का, हे सांगणारा प्रसंग मागणीपत्रात जसाच्या तसा उतरवावा. समजा, असा:

‘गिऱ्हाईक दोन किलो चकली आणि एक किलो बेसनलाडू सांगतं. चकली ४२० रुपये किलो, लाडू ५२५ रुपये किलो, दोन्ही दर करासकट. अंदाजे रक्कम १,३६५ रुपये. आम्ही ५०० रुपये ॲडव्हान्स घेऊन पावती देतो. न्यायच्या दिवशी लाडू काट्यावर १ किलो ४० ग्रॅम भरतात. तेवढेच द्यायचे आणि तेवढेच पैसे घ्यायचे.’

आता लाडवाचे ५४६ रुपये झाले आणि बिल १,३८६ चं. ॲडव्हान्स वजा जाता ८८६ रुपये घ्यायचे. कर ५ टक्के आणि तो किमतीतच धरलेला, म्हणून मूळ किंमत १,३२० रुपये आणि कर ६६ रुपये. त्यातले ३३ केंद्राचे, ३३ राज्याचे. इतकं लिहिलं की डेव्हलपरला न विचारताच तीन गोष्टी कळतात. ऑर्डरची रक्कम फक्त अंदाज आहे, वजन ग्रॅमपर्यंत नोंदवायचं आहे आणि कर किमतीवर चढवायचा नसून किमतीतून उलटा काढायचा आहे. ही शेवटची गोष्ट राहिली तर सॉफ्टवेअर १,३८६ वर आणखी ५ टक्के लावून मोकळं होतं.

पावतीचंही तसंच. मालाच्या विक्रीसाठी घेतलेल्या ॲडव्हान्सवर घेतानाच जीएसटी भरावा लागत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून ती सवलत आहे आणि कर बिलाच्या वेळी लागतो. म्हणून ॲडव्हान्सची पावती वेगळी असावी. तिला बिलाचा नंबर देऊ नये आणि तिच्यावर कराची ओळही नको. दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर बिलावर कर दाखवताच येत नाही, त्यामुळे आपण कोणत्या योजनेत आहोत हे मागणीपत्राच्या पहिल्या ओळीतच सांगावं.

याच गिऱ्हाइकाने चकली आज नेली आणि लाडू धनत्रयोदशीला न्यायचं ठरवलं, तर? चकलीचं बिल ८४० रुपयांचं. ॲडव्हान्स सगळा त्यातच वळवला, तर आज ३४० घ्यायचे आणि लाडवाच्या दिवशी पूर्ण ५४६. ॲडव्हान्स शेवटच्या बिलापर्यंत राखून ठेवला, तर आज ८४० आणि नंतर ४६. दोन्ही रीती बरोबर आहेत. पण दुकानाची रीत एकच असावी आणि ती मालकाने ठरवावी. ठरवली नाही, तर डेव्हलपर आपल्या समजुतीने ठरवतो आणि काउंटरवरच्या पोराला संध्याकाळी गल्ला जुळवता जुळवता नाकी नऊ येतात.

बिलाच्या नंबराबद्दल मालक सहसा काहीच लिहीत नाही, आणि घोळ तिथेच होतो. नियमानुसार करबिलाचा नंबर क्रमवार असावा लागतो, आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि १६ अक्षरांपेक्षा लांब नको. `FB/25-26/00417` असा नंबर चालतो. यातून मागणीपत्रात दोन वाक्यं यायला हवीत. पहिलं: निघालेलं बिल कोणालाही पुसता येऊ नये, फक्त ‘रद्द’ करता यावं आणि कोणी, कधी, का रद्द केलं ते दिसावं. दुसरं: दुकानात दोन काउंटर असतील, तर नेट गेल्यावर काय? नंबर दूरच्या सर्व्हरकडून येत असेल, तर नेट गेलं की बिलिंग ठप्प. दोन्ही काउंटरनी एकाच मालिकेतले नंबर आपापले दिले, तर एकच नंबर दोघांना. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक काउंटरला स्वतंत्र मालिका. एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला कायद्याची ना नाही.

कराचा दर मात्र कधी बदलेल ते आपल्या हातात नसतं. २२ सप्टेंबर २०२५ ला पॅकबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला एकच दर चिकटवलेला होता, त्यात दर बदलला की जुनं बिल पुन्हा छापताना तेही ५ टक्क्यांनी निघण्याचा धोका होता. मागणी अशी लिहावी: ‘दराला “अमुक तारखेपासून” अशी नोंद असावी. बिलात त्या दिवशीचा दर कायमचा साठवावा. बदल मला स्वतःला करता यावा, तुम्हाला फोन करावा लागू नये.’ ऑर्डर आणि ॲडव्हान्स बदलाआधीचे, पण माल आणि बिल नंतरचे असतील, तर नवा दर लागतो. म्हणजे दर ऑर्डरच्या तारखेने ठरवून चालत नाही. हे वाक्यही सीएला दाखवून मागणीपत्रात घालावं.

नको असलेल्या गोष्टीही लिहाव्यात. साठ्याचा हिशेब, घरपोच पोचवणी, गिऱ्हाइकासाठी ॲप यांतलं यंदा काय नको, ते साफ सांगितलं की किंमतही आटोक्यात राहते आणि ‘हे तर धरलेलंच होतं ना?’ हा वादही टळतो.

काम पुरं झालं हे कशावरून ठरवायचं? गेल्या दिवाळीच्या वहीतल्या खऱ्या ऑर्डरी काढाव्यात. अर्धी नेलेली, रद्द झालेली, वजन वाढलेली, ॲडव्हान्स परत केलेली, अशी प्रत्येक तऱ्हा त्यात असावी. उत्तरं हाताने काढून मागणीपत्राला जोडावीत आणि शेवटचा हप्ता ती सगळी पैशापर्यंत जुळल्यावर द्यायचा, असं आधीच ठरवावं.

शेवटचा मुद्दा मालकीचा. पगारी माणसाने नोकरीत लिहिलेलं कोड सहसा मालकाचं असतं, पण फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे त्याच्याचकडे राहतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर लेखी लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द करारात हवा. सर्व्हर आणि डोमेनची खाती दुकानदाराच्या नावावर असावीत, आणि सगळ्या बिलांची एक्सेल प्रत हवी तेव्हा काढता यावी. उद्या डेव्हलपर दुसऱ्या कामात गुंतला, तर नवा माणूस याच मागणीपत्रावरून काम पुढे नेऊ शकेल.