व्हिडिओखालची पट्टी कुठे तोडायची? ‘आठ’ एका पट्टीत अन् ‘टक्के’ दुसऱ्या पट्टीत गेले की घोळ होतो

बेला (जि. आदिलाबाद) : कापसाचा हंगाम आला की ओलाव्याच्या आकड्यावरून खरेदी केंद्रावर दरवर्षी वाद होतात. भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय आठ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचा कापूस पूर्ण हमीभावाने घेते. आठ ते बारा टक्क्यांत भाव त्या प्रमाणात कापला जातो आणि बाराच्या वर गाडी परत जाते. अशी माहिती आता मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओतून गावोगाव फिरते. पैनगंगेच्या अलीकडे बेला-जैनथचा शेतकरी असो की पलीकडचा महाराष्ट्रातला, तो व्हिडिओ बसमध्ये किंवा मार्केट यार्डाच्या गोंगाटात पाहतो. आवाज ऐकू येत नाही. वाचायला मिळते ती खालची पट्टी, म्हणजे कॅप्शन.

ही पट्टी तयार करताना बहुतेक जण आधी बोललेले सगळे एका परिच्छेदात टाइप करून घेतात. तिथपर्यंत काही बिघडत नाही. गडबड होते ती परिच्छेदाचे तुकडे पाडताना. उदाहरण म्हणून वीस सेकंदांचे हे बोलणे घेऊ. व्हिडिओत ते बाराव्या सेकंदाला सुरू होते आणि बत्तिसाव्याला संपते.

‘पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. सकाळी दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला कापूस सीसीआय पूर्ण हमीभावाने घेते. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर तो कापूस केंद्रावर घेतला जात नाही.’

कॅप्शनच्या धंद्यात सर्रास पाळली जाणारी मर्यादा अशी : एका ओळीत 42 अक्षरे, एका पट्टीत जास्तीत जास्त दोन ओळी आणि एक पट्टी पडद्यावर सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. संगणकाला नुसते ‘42 वर ओळ मोड, दोन-दोन ओळींची पट्टी कर’ असे सांगितले, तर या परिच्छेदाचे असे होते :

```
पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते.
सकाळी दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो. आठ

टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला कापूस सीसीआय
पूर्ण हमीभावाने घेते. ओलावा बारा

टक्क्यांच्या वर गेला तर तो कापूस केंद्रावर
घेतला जात नाही.
```

अक्षरांची आणि ओळींची मर्यादा मोडलेली नाही, पण दोन्ही आकडे हरवले आहेत. ‘आठ’ पहिल्या पट्टीबरोबर निघून गेला आणि दुसरी पट्टी ‘टक्क्यांपर्यंत’पासून सुरू झाली. किती टक्के ते वाचणाऱ्याने आठवत बसायचे. ‘बारा’चीही तीच गत. हा व्हिडिओ ज्या दोन आकड्यांसाठी केला, नेमके तेच दोन तुटले.

म्हणून तोडायचे ते आधी अर्थाने आणि मग मापाने. पूर्णविराम आला की नवी पट्टी, ही पहिली गोष्ट. वाक्य एका ओळीत मावत नसेल तर ते जिथे बोलताना दम घेतो तिथे मोडावे. वरच्या वाक्यात ती जागा ‘तर’नंतर आहे. आकडा आणि त्याचे माप, नाव आणि आडनाव, ‘टक्क्यांच्या’ आणि ‘वर’ या जोड्या कधी फोडू नयेत. मराठीत आणखी एक अडचण आहे. आपला नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘घेतला जात’ या पट्टीत आणि ‘नाही’ पुढच्या पट्टीत गेला, तर दोन सेकंद तरी वाचणाऱ्याला उलटाच अर्थ लागतो. त्यात कोणी मध्येच स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, की मग विचारूच नका. त्यामुळे ‘नाही’ आणि त्याचे क्रियापद एकाच ओळीत ठेवलेले बरे.

आता हे 42 मोजायचे कसे? इथे देवनागरीचा वेगळाच हिशेब आहे. ‘टक्क्यां’ यात डोळ्याला दोनच अक्षरे दिसतात, ट आणि क्क्यां. संगणक मात्र ट, क, हलन्त, क, हलन्त, य, काना आणि अनुस्वार अशी आठ मोजतो. वरचे पहिले वाक्य संगणकाच्या मोजणीत मोकळ्या जागांसह 39 भरते, डोळ्याने मोजले तर 24. डोळ्याने 42 मोजून ओळ भरली तर ती संगणकाच्या हिशेबात साठीच्या पुढे जाते आणि मोबाईलवर प्लेअर ती आपल्या मनाने मोडतो. दोन ओळींच्या तीन-चार होतात आणि खालचे चित्र झाकले जाते. म्हणून संगणकाची मोजणीच धरावी, आणि शेवटी फोन उभा धरून एकदा बघून घ्यावे.

उरला वेळ. चार वाक्यांची मोजणी अनुक्रमे 39, 39, 65 आणि 69, एकूण 212. वीस सेकंद या प्रमाणात वाटले की साधारण 3.7, 3.7, 6.1 आणि 6.5 सेकंद येतात. पहिली दोन वाक्ये एका पट्टीत बसवायचा मोह होईल, कारण दोन्ही एकेका ओळीत मावतात. पण मग पट्टी सव्वासात सेकंद रेंगाळते, म्हणून ती वेगळीच ठेवलेली चांगली. दोन पट्ट्यांमध्ये दहावा हिस्सा सेकंद मोकळा सोडला, की पट्टी बदलल्याचे डोळ्याला कळते. एसआरटी फाईलमध्ये हे असे लिहितात :

```
1
00:00:12,000 --> 00:00:15,600
पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते.

2
00:00:15,700 --> 00:00:19,300
सकाळी दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो.

3
00:00:19,400 --> 00:00:25,400
आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला कापूस
सीसीआय पूर्ण हमीभावाने घेते.

4
00:00:25,500 --> 00:00:32,000
ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर
तो कापूस केंद्रावर घेतला जात नाही.
```

हे वेळ अंदाजाचे आहेत. माणूस काही मोजून बोलत नाही. आकडा सांगताना तो थांबतो, ओळखीचे वाक्य भराभर उरकतो. म्हणून आवाज लावून एकदा बघायचे आणि जिथे पट्टी तोंडाच्या आधी उमटते, तिथे तिची सुरुवात पुढे ढकलायची. बोलणे संपल्यावर पट्टी थोडी थांबली तर चालते, फक्त पुढचीवर चढता कामा नये. एका ठिकाणी दुरुस्ती केली की पुढच्या पट्ट्याही कानाने तपासाव्या लागतात.

फाईल चढवली आणि पट्टीच दिसली नाही, तर बहुधा चूक बारीक असते. एसआरटीमध्ये सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो. तिथे टिंब पडले, किंवा दोन पट्ट्यांमधली कोरी ओळ राहून गेली, की काही प्लेअर फाईल वाचत नाहीत. पट्टी दिसते पण सगळी प्रश्नचिन्हे येतात, तेव्हा फाईल UTF-8 मध्ये जतन झालेली नसते. आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर मजकूर कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असतो. डीटीपीच्या दुकानातून आणलेल्या मजकुराचे हे हमखास होते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, मगच मोजणी करावी. जुन्या फॉन्टमधली मोजणी पुढे कामाची राहत नाही.

त्याच व्हिडिओला तेलुगू पट्टी लावायची असेल तर वेळा याच वापरता येतात. ओळी मात्र नव्याने मोडाव्या लागतील, कारण तेलुगूत तेच वाक्य वेगळ्या लांबीचे होते आणि त्याची दम घ्यायची जागाही मराठीच्याच ठिकाणी येईल असे नाही.