पिवळ्या पट्ट्याने फोर्कलिफ्ट थांबत नाही

भिवंडीच्या पट्ट्यातल्या अनेक गोदामांत जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले दिसतात. पट्ट्याच्या आतून माणसांनी चालायचं, बाहेरून फोर्कलिफ्टने जायचं. पण अडीच टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामी असतानाही साधारण साडेतीन-चार टनांची असते. ताशी 10 किलोमीटर वेगाने ती सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे जाते, म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढं अंतर कापलं जातं. समोर उंच पॅलेट असेल तर त्याला पुढचं दिसत नाही. शिवाय फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. पुढचा भाग डावीकडे वळला की मागचा जड भाग उजवीकडे फेकला जातो आणि बाजूला उभा असलेला माणूस रॅकमध्ये चेपला जातो.

म्हणून आधी पाहायचं ते हे, की माणसाला फोर्कलिफ्टच्या वाटेवर यावंच का लागतं? समजा, कामगारांचा दरवाजा गोदामाच्या डाव्या टोकाला आहे, पाणी आणि स्वच्छतागृह उजव्या टोकाला आणि मधे ट्रक भरण्याची जागा. 40 कामगार दिवसातून चार वेळा तिकडे जाऊन परत आले, तर फोर्कलिफ्टची वाट 320 वेळा ओलांडली जाते. पाणी आणि स्वच्छतागृह दरवाजाच्या बाजूला आणलं, तर यातल्या जवळजवळ सगळ्या फेऱ्या संपतात. कितीही फलक लावले तरी हे साधत नाही.

उरलेल्या वाटेवर जमिनीत घट्ट बसवलेलं रेलिंग हवं. ओलांडायची जागा मोजकी आणि दोन्ही बाजूंचं दिसेल अशी, कोपऱ्यापासून दूर असावी. तिथलं फाटक माणसाने स्वतःकडे ओढून उघडायचं आणि मागे आपोआप बंद होणारं असावं. ओढण्यासाठी थांबावं लागतं, त्या क्षणात नजर दोन्हीकडे जाते. ढकलून उघडणारं फाटक माणसाला चालत्या पावली थेट वाटेवर सोडतं. शटरमधून फोर्कलिफ्ट ये-जा करत असेल, तर शेजारी माणसांसाठी वेगळा दरवाजा लागतोच.

रॅकच्या अरुंद गल्लीत रेलिंगला जागा नसते. तिथे वेळ वाटून घ्यावी लागते. फोर्कलिफ्ट माल लावत असेल तेव्हा गल्लीची दोन्ही तोंडं साखळीने बंद करायची आणि ती बाहेर पडल्यावरच माणसं आत सोडायची.

बाहेरून आलेल्या ट्रकचालकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. माल भरेपर्यंत त्याची किल्ली कार्यालयात आणि तो स्वतः रेलिंगपलीकडच्या खोलीत, अशी सोय केली तर तो मधे फिरत नाही आणि अर्धवट भरलेला ट्रकही अचानक पुढे जात नाही.

आखणी फसली आहे का, हे जमीन सांगते. पिवळ्या पट्ट्यावर टायरचे काळे ठसे असतील, तर फोर्कलिफ्टला वळायला जागा कमी पडते आहे. फाटक उघडं बांधून ठेवलेलं असेल किंवा रेलिंगखालून वाकून जायची वाट मळलेली असेल, तर ओलांडायची जागा चुकली आहे. अशा वेळी कामगाराला दंड करण्यापेक्षा फाटक त्या मळलेल्या वाटेवर आणता येतं का, ते आधी तपासावं.