पासवर्ड बरोबर, तरी फोन नामंजूर

ऑफिसचा मेल स्वतःच्या फोनवर उघडायला जावं, पासवर्ड बरोबर, ओटीपीही बरोबर, आणि तरीही दार बंद! अनेकांना वाटतं, खातंच लॉक झालं. तसं नसतं. तुम्ही कोण, हे सिस्टमला पटलेलं असतं. फोनबद्दल मात्र तिला काहीच माहीत नसतं.

बऱ्याच कंपन्या मायक्रोसॉफ्टची व्यवस्था वापरतात. तिथे लॉगिनची तपासणी एन्ट्रा करतं, तर फोनची नोंदणी आणि देखरेख इंट्यून. ‘नियमात बसणाऱ्या फोनवरूनच प्रवेश’ अशी अट असेल, तर एन्ट्रा त्या क्षणी तुमचा फोन उघडून बघत नाही. इंट्यूनने आधीच नोंदवून ठेवलेला शेरा ते वाचतं. फोन नोंदलेलाच नसेल तर शेरा कुठून असणार? म्हणून नवा कोरा, महागडा फोनही अडतो.

नोंदणीसाठी Company Portal हे अ‍ॅप लागतं. त्यानंतर ठरावीक गोष्टी पाहिल्या जातात: स्क्रीन लॉक आहे का, स्टोरेज एन्क्रिप्ट केलेलं आहे का, फोन रूट केलेला नाही ना, अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅच किती जुने आहेत. समजा, कंपनीला जानेवारी २०२५ नंतरचा पॅच हवा आहे आणि तुमच्या फोनवर ऑक्टोबर २०२४चा आहे. बाकी सगळं चोख असलं तरी शेरा ‘नियमबाह्य’ असाच पडतो. काही कंपन्या सुधारणेसाठी थोडे दिवस देतात. दिले नसतील तर प्रवेश लगेच थांबतो. लॉगिनच्या तपशिलात 53000 हा कोड दिसला, तर अडचण इथे आहे असं समजावं.

मग तुम्ही अपडेट टाकता, फोन रीस्टार्ट करता, आणि तरी तोच नकार. इथे माणसं हमखास वैतागतात, आणि ते साहजिक आहे. जुन्या नोंदणीचा फोन साधारण आठ तासांनी एकदा इंट्यूनशी बोलतो, तोवर जुना शेरा तसाच राहतो. Company Portalमध्ये जाऊन स्थिती पुन्हा तपासायला लावली, की थांबावं लागत नाही.

आणखी एक जागा आहे, तिथे जाणकारही फसतात. अँड्रॉइडवर नोंदणी झाली की ऑफिससाठी वेगळं वर्क प्रोफाइल तयार होतं आणि त्यातल्या अ‍ॅपवर छोटी ब्रीफकेस दिसते. शेरा त्या प्रोफाइलला मिळतो. तुमच्या नेहमीच्या क्रोममधून मेल उघडलात, तर तो फोन एन्ट्राला अनोळखीच वाटतो. ब्रीफकेसवाल्या क्रोममधून उघडायला हवा.

याच विभागणीमुळे तुमचे फोटो, मेसेज किंवा कॉलची यादी कंपनीला दिसत नाही. नोकरी सोडल्यावर पुसलं जातं तेही फक्त वर्क प्रोफाइल. ज्यांना एवढी नोंदणीही नको, त्यांनी आयटी विभागाला विचारावं, की फोनऐवजी फक्त आउटलुकसारख्या अ‍ॅपवर बंधनं घालण्याचा पर्याय ठेवला आहे का. त्यात अ‍ॅपला वेगळा पिन लागतो आणि ऑफिसचा मजकूर बाहेर कॉपी करता येत नाही.