सेलची पाटी : मूळ किंमत, सूट आणि अखेरची तारीख

बोरीसारख्या गावात कापूस किंवा सोयाबीन विकून घरात चार पैसे आले, कामगाराच्या हाती सणाची उचल किंवा बोनस पडला, की त्याच सुमारास सेलच्या पाट्या लागतात. पूर्वी त्या परभणी व जिंतूरच्या दुकानांच्या दारांवरच दिसत. आता त्या व्हॉट्सॲपवरून आपल्या खिशात येतात. पाटीवर एक मोठी किंमत खोडलेली असते, तिच्याखाली एक लहान किंमत असते, आणि तिसरी ओळ म्हणते, 'त्वरा करा, थोडेच दिवस!' ह्या तीन गोष्टी खऱ्या केव्हा मानाव्यात, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे. टक्केवारीचा हिशोब आम्ही शाळेत शिकलो नाही, महागाई भत्त्याच्या वाटाघाटीत शिकलो. तेथे पहिला धडा असा मिळतो की, टक्का नुसता कधीच बोलत नाही, त्याला पाया लागतो. निर्देशांक इतका वाढला असे मालक म्हणाला, की आम्ही विचारतो, 'कोणते वर्ष शंभर धरून?' औद्योगिक कामगारांच्या सध्याच्या निर्देशांकात 2016 हे वर्ष शंभर धरलेले आहे. पाया बदलला की आकडा बदलतो, आणि खिशातले पैसे मात्र तेवढेच राहतात. सेलच्या पाटीलाही हाच प्रश्न विचारावयाचा : पन्नास टक्के सूट, पण कशावर?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका साडीच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे जिला आपण एमआरपी म्हणतो ती, 2400 रुपये छापलेली आहे. दुकानदार ती साडी वर्षभर 1500 रुपयांना विकत आला आहे. सेलमध्ये तो पाटी लावतो : '2400 ची साडी 1200 ला, सूट 50 टक्के.' ह्यात छापलेला एकही आकडा खोटा नाही, आणि तरीही पाटी फसवी आहे. कमाल किंमत ही केवळ मर्यादा आहे. ह्यापेक्षा जास्त घेऊ नये, एवढेच ती सांगते. वस्तू त्या भावाने विकली जात होती असे ती सांगत नाही. कालपर्यंत जी साडी 1500 ला मिळत होती ती आज 1200 ला मिळते, म्हणजे सूट 300 रुपयांची. ती 1500 वर 20 टक्के होते, 50 नव्हे.

कोणी म्हणेल, 300 रुपये तरी वाचलेच ना? वाचले, पण नुकसान होते ते पुढे. घरातून 1500 रुपये घेऊन एक साडी आणावयास निघालेल्या बाईस वाटते की, आपले 1200 रुपये वाचत आहेत, मग त्यात दुसरीही साडी बसते. ती दोन घेते. घरातून 1500 जावयाचे ते 2400 गेले. खोट्या मूळ किमतीचा घाव असा लागतो. मिळालेली वस्तू वाईट नसते, ठरवलेला खर्च मात्र हातचा सुटतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात हे 900 रुपये म्हणजे काही दिवसांचा किराणा असतो.

मग मूळ किंमत म्हणजे काय? आपल्याकडील 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा ह्याचे उत्तर एका शब्दात देतो : 'सर्वसाधारणपणे'. वस्तू सर्वसाधारणपणे ज्या किमतीस विकली जाते त्या किमतीविषयी लोकांची दिशाभूल करणे, ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र सर्वसाधारणपणे म्हणजे किती दिवस, ह्याचा आकडा त्यात नाही. युरोपीय संघाने तो आकडा घालून दिला. 28 मे 2022 पासून तेथे लागू झालेल्या नियमाप्रमाणे, किंमत उतरवल्याची जाहिरात करणाऱ्याने आधीच्या निदान 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवली पाहिजे. सर्वांत कमी, हे महत्त्वाचे. नाहीतर सेलच्या आधी चार दिवस भाव चढवावा आणि मग उतरवावा, हा जुना डाव चालूच राहता.

त्या नियमातूनही पळवाट शोधली गेली. जर्मनीतील एका मोठ्या किराणा साखळीने केळी व अननसाची जाहिरात केली. तीत 30 दिवसांतली नीचतम किंमत बारीक अक्षरांत दिली, पण सुटीचा टक्का मात्र अलीकडच्या चढ्या किमतीवर काढला. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये निकाल दिला की, नीचतम किंमत नुसती छापून भागत नाही, टक्काही तिच्यावरच काढला पाहिजे. म्हणजे तोच आमचा पायाचा प्रश्न. आपल्याकडे असा नियम नसला तरी आपल्या दुकानदारास आपण होऊन तो पाळण्यास कोणाची आडकाठी नाही, आणि गिऱ्हाइकासही तो मोजमाप म्हणून वापरता येतो.

दुसरी गोष्ट सुटीची. सूट जाहीर केली ती गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांत उतरली पाहिजे. पादत्राणांच्या एका दुकानाने छापील कमाल किमतीवर सरसकट 40 टक्के सूट जाहीर केली, आणि बिल करताना सुटीनंतरच्या रकमेवर विक्रीकर वेगळा लावला. कमाल किमतीत सर्व कर धरलेलेच असतात. तेव्हा कर वेगळा लावला की सूट 40 टक्के राहतच नाही. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेले, आणि जानेवारी 2017 मध्ये आयोगाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. तेव्हा वेगवेगळे विक्रीकर होते, आता जीएसटी आहे, पण तत्त्व तेच. '50 टक्क्यांपर्यंत सूट' ह्यातील 'पर्यंत' हा शब्दही असाच तपासावा. एका कोपऱ्यातील दहा सदऱ्यांवर पन्नास आणि बाकी दुकानावर दहा, असा त्याचा अर्थ पुष्कळदा निघतो.

तिसरी गोष्ट अखेरच्या तारखेची. ही लोकांना किरकोळ वाटते. आमच्या मते तिन्हींत तीच मुख्य आहे, कारण तारीख ही मूळ किमतीची जामीन असते. पुन्हा आपल्या साडीकडे या. सेल पंधरा दिवसांचा म्हणून लागला. पंधरा दिवसांनी 'लोकाग्रहास्तव' वाढला, महिन्याने पुन्हा वाढला. तिसऱ्या महिन्यात 1200 हाच त्या साडीचा सर्वसाधारण भाव झालेला असतो. 1500 ला ती कोणीच घेत नाही. आता पाटीवरची सूट 20 टक्केही उरली नाही, ती शून्य झाली. पाटी तीच, आकडे तेच, आणि सत्य मात्र त्यातून निघून गेले. ज्या सेलला अखेर नाही त्याला मूळ किंमतही नाही. म्हणून कायदा सवलतीच्या किमतीची जाहिरात करणाऱ्याकडून अशी अपेक्षा करतो की, माल त्या किमतीस वाजवी काळ व वाजवी प्रमाणात खरोखर मिळाला पाहिजे. आणि संगणकावरील व फोनवरील दुकानांसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी खोटी घाई लावण्यास, म्हणजे नसलेली टंचाई किंवा नसलेली मुदत दाखवण्यास, मनाई केली आहे.

तिन्ही गोष्टी उघड असलेला सेल आपल्या लोकांनी पुष्कळ वर्षे पाहिला आहे. गांधी जयंतीपासून खादी भांडारात मिळणारी सूट आठवा. खादीची किंमत कापूस, सूतकताई, विणकाम अशा खर्चांच्या ठरलेल्या तक्त्यावरून निघे, ती भांडारवाल्याच्या मर्जीवर नसे. सुटीचा टक्का जाहीर असे, मुदतही जाहीर असे. फसवणूक नव्हती, पण एक अडचण होती. सूट कधी येणार हे ठाऊक असल्याने गिऱ्हाईक तोवर थांबे आणि एरव्ही विक्री मंदावे. 2010 साली केंद्राने त्या सुटीऐवजी उत्पादन व विक्रीस साहाय्य देणारी दुसरी योजना आणली. खरा सेल विक्रेत्यास असा थोडा महाग पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जेथे घासाघीस चालते तेथे एकच एक मूळ किंमत नसते. एकाने 1500 दिले, दुसऱ्याने 1350. अशा दुकानदाराने टक्क्याच्या भानगडीत पडूच नये. 'आजचा भाव 1200' एवढेच लिहावे, ते पूर्ण प्रामाणिक आहे. तसेच रेनकोटसारखा माल गेल्या पावसाळ्यात विकलेला असेल, तर 'गेल्या वर्षीचा आमचा भाव' असे वर्षासकट लिहावे.

आता फसवी पाटी ओळखावी कशी? दुकानातील नोकरमंडळी आम्हांस सांगतात की, पहिली नजर चिकटपट्टीवर टाकावी. किंमत वाढवण्यासाठी वेष्टनावर नवी पट्टी चिकटवण्यास नियमाने बंदी आहे. कमाल किंमत कमी केल्याची पट्टी लावता येते, पण तिने मूळ छापील किंमत झाकता कामा नये. तेव्हा छापील किमतीवरच पट्टी दिसली तर खाली काय आहे ते विचारावे. दुसरे, त्याच दुकानाचे जुने बिल जपून ठेवावे. तीच खरी मूळ किंमत सांगते. तिसरे, पाटीचे छायाचित्र तारखेसह काढावे, आणि मुदत संपल्यावर पुन्हा एकदा काढावे. दोन छायाचित्रे व दोन बिले एवढा पुरावा हाती असला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ह्या क्रमांकावर, किंवा परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे, बोलण्यास जोर येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस आयोगात शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते.

आणि जो व्यापारी सरळ आहे त्याने पाटी कशी लिहावी? आमच्या साडीची पाटी अशी होईल :

'सुती साडी. गेल्या 30 दिवसांतला आमचा सर्वांत कमी विक्रीभाव 1500 रुपये, बिलवही पाहावयास मिळेल. सूट 300 रुपये, म्हणजे 20 टक्के. सेलचा भाव 1200 रुपये, सर्व करांसह. 1 मे 2026 पासून 12 मे 2026 च्या रात्री 9 पर्यंत. साठा 40 साड्या. 13 मे पासून भाव पुन्हा 1500 रुपये.'

पाटीतली शेवटची ओळ सहसा कोणी लिहीत नाही, पण तीच लिहावयास लावली पाहिजे. तेरा मेला सकाळी कोणीही गिऱ्हाईक दुकानात जाऊन भाव विचारू शकेल. त्या दिवशी उत्तर 1500 आले, तर बारा दिवस लागलेली पाटी खरी होती.