प्रेशर टाकीतली हवा कुठे गेली?

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी एकच तक्रार लिहिली होती : नळ उघडला की प्रेशर पंप टक-टक, टक-टक करत सारखा चालू-बंद होतो. प्लंबर पंप बदलायला सांगतो, कधी पूर्ण टाकी बदलायला सांगतो. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं, टाकीतली हवा संपलेली असते. आज तेवढंच बघू.

पंपाशेजारची ती निळी किंवा लाल गोल टाकी पाणी साठवायला नसते. आत रबराची एक पिशवी असते, तिला ब्लॅडर म्हणतात. पाणी पिशवीच्या आत आणि हवा बाहेर, म्हणजे रबर आणि पत्रा यांच्या मधल्या जागेत. पंप पाणी ढकलतो, पिशवी फुगते, हवा दाबली जाते. पंप थांबल्यावर तीच दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पाणी नळाकडे ढकलत राहते. पाणी स्वतः दाबलं जात नाही, त्यामुळे हवा गेली की स्प्रिंगच गेली. मग नळातून पेलाभर पाणी आलं की दाब कोसळतो आणि पंप सुरू, दोन सेकंदांत दाब चढतो आणि पंप बंद. अशा झटक्यांनी प्रेशर स्विचचे काँटॅक्ट जळतात आणि मोटार तापते.

इथे एक फरक लक्षात घ्या. सगळे नळ बंद असताना रात्री पंप अधूनमधून सुरू होत असेल तर हवेला दोष देऊ नका. फ्लश गळत असेल किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडत असेल. हवा गेल्याचं लक्षण नळ उघडल्यावरच दिसतं, आणि तेव्हा प्रेशर गेजचा काटा नाचत असतो.

इथे डेहराडूनमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार साहेब राहतात, मूळचे साताऱ्याचे. गच्चीवरच्या टाकीखाली २४ लिटरची प्रेशर टाकी बसवलेली. पंप १.४ बारला सुरू आणि २.८ ला बंद. ती टक-टक करू लागली. प्लंबरने व्हॉल्व्हला टायरचं गेज लावलं, दोन बारच्या वर दाब दिसला. ‘हवा तो पूरी है, टंकी बदलनी पड़ेगी,’ म्हणाला. साहेब मला म्हणाले, ‘साहेब, हवा आहे तर मग बिघडलंय काय?’

प्लंबर खोटं बोलत नव्हता, त्याने चुकीच्या वेळी मोजलं होतं. पाणी दाबाखाली असताना हवेचा दाब पाण्याच्या दाबाइतकाच दिसणार, मधे नुसतं रबर आहे. टाकीत वीस लिटर हवा असो की दोन लिटर, गेज तोच आकडा दाखवणार. म्हणून हवा मोजायची ती पाण्याचा दाब शून्यावर आणूनच. आजच्या भागातली एवढी एक गोष्ट पक्की धरलीत तरी पुरे.

आम्ही आधी पंपाचा एमसीबी पाडला. नुसतं बटण बंद करून चालत नाही, हात ओले असतात. मग गच्चीवरच्या टाकीतून पंपाकडे येणारा व्हॉल्व्ह बंद केला. तो उघडा राहिला तर वरच्या पाण्याचा दाब येतच राहतो. त्यानंतर प्रेशर टाकीपेक्षा खालच्या पातळीवरचा नळ उघडून ठेवला. गेजचा काटा शून्यावर आला, धार थांबली.

आता टाकीच्या बुडाशी किंवा पाठीशी प्लास्टिकची टोपी असते. ती काढली की आत मोटारीच्या टायरचाच व्हॉल्व्ह. त्याची पिन दोन-तीन सेकंद दाबायची. पाणी आलं तर ब्लॅडर फाटलेलं आहे, हवा भरून उपयोग नाही. एखादा थेंब येऊन थांबला तर तो आतला दमट घाम असू शकतो, पुन्हा दाबून खात्री करा. साहेबांच्या टाकीतून थोडी कोरडी हवा फुसफुसली आणि संपली. म्हणजे रबर शाबूत, हवा गेलेली.

किती भरायची? पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा साधारण ०.२ बार कमी. इथे १.४ ला सुरू, म्हणून १.२ बार. पायपंपावरचं गेज पीएसआयमध्ये असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजे साडेसतराच्या आसपास. नळ उघडाच ठेवून भरायची, कारण हवा भरताना पिशवीत अडकलेलं पाणी बाहेर पडतं. आमच्याकडे अर्ध्या बादलीच्या आसपास पडलं. पायपंपाने शंभरावर दट्टे मारावे लागतात, दमून घ्या, घाई नाही.

पेट्रोल पंपावरच्या सवयीने ३२ पीएसआय भरू नका. तो २.२ बार होतो. मग पंप सुरू होण्याआधीच पिशवी रिकामी होते, काटा धपकन खाली येतो, नळ क्षणभर कोरडा पडतो आणि मग पंप धडकन सुरू होतो. एका दुखण्याच्या जागी दुसरं.

भरून झाल्यावर व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर आतली पिन बदला, टायरवाल्याकडे मिळते. अर्धा तास थांबून दाब पुन्हा मोजा. १.२ वर टिकला, तर नळ बंद करून वरचा व्हॉल्व्ह आणि एमसीबी चालू करा. पंप जमिनीखालच्या टाकीतून पाणी ओढणारा असेल तर आधी त्यात पाणी भरून हवा काढा.

मग बादलीने खात्री करायची. पंप २.८ ला थांबू द्या, एमसीबी पाडा, आणि काटा १.४ वर येईपर्यंत नळाचं पाणी बादलीत घ्या. हिशेबाने, २४ लिटरच्या टाकीत १.२ बार हवा असेल तर साधारण ८ लिटर यायला हवं. दुकानदार ‘२४ लिटर’ म्हणतो, तरी दोन सुरू-बंदच्या मधे हातात येतं एवढंच. हवा भरण्याआधी साहेबांनी हेच मोजलं होतं तेव्हा एक तांब्याही भरला नव्हता. या वेळी बादलीत पावणेआठ लिटर आलं. टाकी बदलायची वेळ टळली.

रबरातून थोडी हवा झिरपतच असते, म्हणून सहा महिन्यांनी एकदा मोजा. पण आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा टक-टक सुरू झाली, व्हॉल्व्ह गळत नसेल, किंवा नळातून पाणी हवेसकट थुंकत येत असेल, तर ब्लॅडर फाटलं समजा. तेव्हा दाबलेली हवा हळूहळू पाण्यात मिसळून निघून जाते, कितीही भरा.

तरीही पूर्ण टाकी लगेच टाकू नका. बऱ्याच टाक्यांना पाण्याच्या बाजूला बोल्टांची चकती असते. पाण्याचा दाब शून्यावर आणून, टायर व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडून मगच बोल्टांना पाना लावा. आत दाब असताना चकती उडून तोंडावर बसू शकते. जुनं ब्लॅडर बाहेर ओढा आणि दुकानात तेच घेऊन जा, कारण लिटर सारखे असले तरी तोंडाचं माप वेगळं असतं. नवं घालण्याआधी विजेरीने टाकीच्या आत बघा. वरवरचा गंज चालतो, पण पत्रा पापुद्रे सोडत असेल तर नवं रबर त्यावर घासून लवकरच फाटेल, आणि तिथे मात्र टाकीच बदला.